सव्वीस मिनिटांचा नकाशा

रुग्णवाहिकेचं नवं केंद्र कुठे असावं, यावरच्या प्रस्तावाला बहुधा एक नकाशा जोडलेला असतो. केंद्राच्या जागी ठिपका आणि त्याभोवती दहा-पंधरा किलोमीटरचं वर्तुळ. आत आलेली गावं सेवेत, बाहेर राहिलेली सेवेबाहेर. सपाट मुलखात, चहूकडे रस्ते फुटलेल्या गावी हे वर्तुळ फारसं चुकत नाही. पण सातारा जिल्ह्यात कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरा आणि समोरचं कोयनेचं पाणी बघा. १९६०च्या दशकात धरण झालं, शिवसागर भरला आणि खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. आज वासोट्याला जायचं तर इथून लाँच करावी लागते. समोरचा किनारा लख्ख दिसतो, पण चाकांच्या गाडीला तिथे जायचं तर पाण्याला मोठा वळसा घालावा लागतो. वर्तुळाला यातलं काही कळत नाही. ते पाण्यावरूनही तेवढ्याच सहजतेने फिरतं.

त्याच ठिपक्यावरून दुसऱ्या पद्धतीने काढलेला नकाशा शेजारी ठेवला, की काय राहून गेलं होतं ते दिसतं. या नकाशात वर्तुळ नसतं. ठिपक्यापासून रस्त्यारस्त्याने रेषा निघतात, चांगल्या रस्त्यावर लांब जातात, घाटात आखूड होतात आणि जिथे ठरवलेला वेळ संपतो तिथे, मग तो रस्त्याच्या मध्यावर का असेना, थांबतात. रस्त्यांचं जाळं आणि प्रवासाचा वेळ यांवरून काढलेलं हे सेवाक्षेत्र. अंतराऐवजी वेळ नकाशावर काढायची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८१ मध्ये लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा रंगीत नकाशा प्रसिद्ध केला होता. त्याचे रंग दहा-दहा दिवसांचे होते. रुग्णवाहिकेच्या नकाशात एकेक मिनिट मोजावं लागतं, आणि म्हणून तो बारकाईने वाचावा लागतो.

मला ही आकृती फार देखणी वाटते. तिचं देखणेपण रंगांत नाही, हिशेबात आहे. तो हिशेब हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक छोटं जाळं घेऊ. अशाच एखाद्या पाणथळ, डोंगराळ खोऱ्यातली सहा ठिकाणं धरू: बाजार, फाटा, पूल, माथा, वाडी आणि काठ. नावं कामापुरती आहेत आणि आकडेही हाती हिशेब जमावा म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्या खऱ्या रस्त्याची ती मोजणी नव्हे. रुग्णवाहिकेचं केंद्र बाजारच्या गावी व्हावं, असा प्रस्ताव आहे.

बाजारातून दोन रस्ते निघतात. एक जुना, वळणावळणाचा, चार किलोमीटरचा, थेट पुलाशी जाणारा. त्यावर गाडी ताशी २० किलोमीटरनेच चालते, म्हणजे १२ मिनिटं. दुसरा नवा, रुंद, सहा किलोमीटरचा, फाट्याला जाणारा. त्यावर ताशी ४५चा वेग मिळतो, म्हणजे ८ मिनिटं. फाट्यावरून पुलापर्यंत दीड किलोमीटर, ताशी ३०ने ३ मिनिटं. पुलापलीकडे पाच किलोमीटरचा घाट चढून माथा, ताशी २५ने १२ मिनिटं. माथ्यापासून वाडी तीन किलोमीटर, कच्च्या रस्त्याने ताशी २०, म्हणजे ९ मिनिटं. आणि फाट्यावरून पाण्याच्या कडेकडेने दहा किलोमीटरवर काठ, ताशी ३०ने २० मिनिटं. एवढंच जाळं.

आता घड्याळ. फोन लागल्यापासून रुग्णाजवळ गाडी उभी राहीपर्यंत ३० मिनिटं, असं ग्रामीण भागासाठी लक्ष्य धरू. नकाशे इथेच पहिल्यांदा चुकतात, कारण ही तीसच्या तीस मिनिटं रस्त्याला देऊन टाकली जातात. फोन उचलणारा पत्ता विचारतो, काय झालंय ते विचारतो, कोणती गाडी मोकळी आहे ते बघतो. चालक आणि डॉक्टर गाडीत बसतात, गाडी निघते. या सगळ्याला चार मिनिटं धरली, तर चाकांच्या वाट्याला २६ उरतात. हा नकाशा काढायचा तो सव्वीसचा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. अशा सेवेत फोन कधी आला, गाडी कधी निघाली आणि कधी पोचली या तीन वेळा नोंदल्या जातात. त्यामुळे ही चार मिनिटं अंदाजाने धरायची गरज नसते, नोंदींतून काढता येतात.

आता मूळ हिशेब. एट्सगर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने तो १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत रचला आणि १९५९ मध्ये जेमतेम तीन पानांच्या टिपणात छापला. नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून हॉलंडमधली ६४ गावं घेऊन त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट शोधायची, एवढं साधं त्याचं निमित्त होतं. त्याची रीत आपल्या सहा ठिकाणांवर चालवून बघू.

बाजारावर शून्य लिहा. तिथून दिसणाऱ्या ठिकाणांवर पेन्सिलने वेळ लिहा: फाटा ८, पूल १२. या कच्च्या आकड्यांतला सर्वांत लहान कोणता? फाट्याचा ८. तो शाईने पक्का करा. फाट्याला यापेक्षा लवकर पोचायची दुसरी वाट असूच शकत नाही, कारण दुसरी कुठलीही वाट आधी पुलावरून, म्हणजे निदान १२ मिनिटं घालवून येणार. कुठलाही रस्ता वेळ परत देत नाही, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा डोलारा उभा आहे. आता पक्क्या झालेल्या फाट्यावर उभं राहून पुढे बघा. पूल तिथून ३ मिनिटांवर, म्हणजे बाजारातून ११. पुलावर पेन्सिलने १२ लिहिलं होतं. ते खोडून ११ लिहा. काठ ८ अधिक २०, म्हणजे २८. आता कच्च्यांतला सर्वांत लहान पुलाचा ११. तो पक्का.

या खोडण्यापाशी मी दर वेळी थांबतो. चार किलोमीटरची जवळची वाट साडेसात किलोमीटरच्या लांबच्या वाटेपुढे एका मिनिटाने हरली. वर्तुळ काढणाऱ्याला हे कधी दिसलं नसतं. किलोमीटर मोजून रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसलं नसतं. गावातला जुना चालक मात्र हे कोणी न सांगता करतो. घाईची वेळ असली की तो नव्या रस्त्याने फाट्यावरूनच जातो. डाइकस्ट्राची रीत त्याच्या अंगवळणी पडलेल्या शहाणपणाला कारण पुरवते. आणि जुन्या रस्त्याची डागडुजी होऊन त्यावर ताशी २०ऐवजी २४चा वेग मिळाला, तर तो १० मिनिटांचा होईल आणि पुलावरचा आकडा पुन्हा बदलेल, हेही लगेच सांगता येतं.

पुलावरून माथा ११ अधिक १२, म्हणजे २३. पक्का. माथ्यावरून वाडी २३ अधिक ९, म्हणजे ३२. सव्वीसच्या पुढे. काठ २८, तोही पुढे. हिशेब संपला.

आता आकृतीच्या कडेकडे या. सगळी गोडी तिथे आहे, आणि घोटाळाही तिथेच होतो. माथ्यावर गाडी २३व्या मिनिटाला पोचली, हाती ३ मिनिटं उरली. वाडीचा रस्ता ९ मिनिटांचा, म्हणजे त्याचा एक तृतीयांश, एक किलोमीटर, गाडी जाऊ शकते. सेवाक्षेत्राची कड माथ्यापुढे एक किलोमीटरवर, रस्त्याच्या मध्यात पडली. तिकडे फाट्यावर ८व्या मिनिटाला पोचलो, १८ मिनिटं उरली. काठाचा रस्ता २० मिनिटांचा, म्हणजे दहापैकी नऊ किलोमीटर जमतात. काठ एक किलोमीटरने, दोन मिनिटांनी हुकलं. पण त्या नऊ किलोमीटरच्या कडेने ज्या वस्त्या, शेतातली घरं असतील, ती सगळी सेवेत आहेत.

हे अर्धवट तुकडे चांगल्या कारागिराने जपलेले असतात. सगळेच जपत नाहीत. याच जाळ्यावर पीजीराउटिंगमध्ये, म्हणजे रस्त्यांचा विदा साठवलेल्या डेटाबेसला जोडायच्या साधनात, नेहमीचा प्रश्न असा विचारला जातो:

```sql
SELECT node, agg_cost
FROM pgr_drivingDistance(
  'SELECT id, source, target, cost, reverse_cost
   FROM roads',
  1, 26, directed => true);
```

बाजाराला १, फाट्याला २, पुलाला ३, माथ्याला ४ असे क्रमांक दिले आणि वेळ मिनिटांत भरला, तर उत्तर येतं:

```
 node | agg_cost
    1 |        0
    2 |        8
    3 |       11
    4 |       23
```

उत्तर बरोबर आहे, पण ते फक्त टोकांचं आहे. ज्या टोकाला गाडी पूर्ण पोचली तेच यात येतं. फाट्यापासून काठाकडचे नऊ किलोमीटर, म्हणजे या केंद्राच्या सेवेतला सर्वांत लांब सलग रस्ता, या चार ओळींत कुठेच नाही. कारण काठ २८वर होतं आणि गाळलं गेलं. यावरून नकाशा रंगवला तर त्या रस्त्याच्या कडेची सगळी घरं सेवेबाहेर दिसतील. प्रश्न विचारण्याआधी लांब रस्त्यांचे दोन-दोनशे मीटरचे तुकडे पाडून घेतले, की हा दोष दोनशे मीटरवर येतो. क्यूजीआयएसमधलं `Service area (from point)` हे साधन मात्र उरलेल्या मिनिटांच्या प्रमाणात रस्ता मध्येच कापतं आणि उत्तर रेषांच्या रूपात देतं. दोन साधनांच्या उत्तरांत एवढा फरक पडू शकतो, हे नकाशावर कुठेही लिहिलेलं नसतं. ते वाचणाऱ्याने ओळखायचं. कड जिथे तिथे नेमकी चौकातच संपत असेल, तर अर्धे तुकडे गाळले गेले आहेत असं खुशाल समजावं.

वरच्या प्रश्नातला `reverse_cost` हा रकानाही बघण्यासारखा आहे. `cost` म्हणजे रस्ता काढला त्या दिशेने लागणारा वेळ, `reverse_cost` म्हणजे उलट दिशेने. तिथे ऋण आकडा भरला की ती दिशा बंद. खोऱ्यातल्या रस्त्याला याचं फारसं काम पडत नाही. पण पुण्यात फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत. तिथे केंद्रापासून रुग्णाकडे जायची आकृती आणि रुग्णापासून रुग्णालयाकडे यायची आकृती वेगवेगळ्या निघतात. रुग्णवाहिकेच्या केंद्राचं सेवाक्षेत्र काढताना आकृती बाहेर जाणारी लागते. रुग्णालयाचं सेवाक्षेत्र काढताना तीच उलटी चालवावी लागते. एकीच्या जागी दुसरी छापली गेली, तर शहराच्या मधल्या भागात केंद्र दोन-चार गल्ल्यांनी चुकीच्या जागी जाऊ शकतं.

पण सर्वांत मोठी चूक वेगाची. क्यूजीआयएसच्या त्याच साधनात `Default speed (km/h)` अशी एक चौकट असते आणि तिच्यात आधीपासून 50 हा आकडा भरलेला असतो. ज्या रस्त्याच्या नोंदीत वेग दिलेला नाही, त्यावर गाडी ताशी ५०ने चालते असं साधन धरून चालतं. आपल्याकडच्या गावरस्त्यांच्या नोंदींत वेग क्वचितच असतो. समजा, पुलापासून माथ्यापर्यंतच्या घाटाचा वेग लिहायचा राहून गेला. मग पाच किलोमीटरला १२ऐवजी ६ मिनिटं लागतात. माथा २३व्या मिनिटाऐवजी १७व्याला येतो. तिथून वाडीला ९ मिनिटं, म्हणजे बरोबर २६. वाडी सेवेत आली! एक रकाना रिकामा राहिला, आणि जिथे गाडीला खरोखर ३२ मिनिटं लागतात त्या वाडीवर प्रस्तावात ‘सेवा उपलब्ध’ असा शिक्का बसला. वाडीला वेगळी गाडी मिळायची असेल, तर ती या शिक्क्यामुळेच नाकारली जाईल. नकाशातल्या चुकांपैकी मला ही सर्वांत जास्त सलते, कारण हिच्यात कोणी काही खोटं लिहिलेलं नसतं.

ही चूक ओळखायची खूण आहे. पातळ रेषेचे, कच्चे रस्ते राज्यमार्गापेक्षा लांब गेलेले दिसले, की वेगाचा रकाना उघडून बघावा. पाण्यावरही हीच गोष्ट. कोयनेच्या जलाशयात लाँच आणि तराफे चालतात आणि मुक्त नकाशांत अशा जलमार्गांना `route=ferry` अशी खूण देऊन रेघ काढलेली असते. ती रेघ रस्त्यांच्या गठ्ठ्यात मिसळली गेली, तर रुग्णवाहिका ताशी ५०ने पाण्यावरून धावते. तराफा कधी येतो, रात्री चालतो का, वारा सुटला तर काय, हे त्या रेषेला माहीत नसतं. तराफा हिशेबात घ्यायचा असेल, तर वाट बघण्याचा वेळ त्यात मिळवून घ्यावा, आणि रात्रीच्या नकाशातून तो काढून टाकावा.

याच्या उलट चूक तुटलेल्या चौकाची. दोन रस्ते नकाशावर जुळलेले दिसतात, पण काढणाऱ्याच्या हातून त्यांच्या टोकांत मीटरभर फट राहिलेली असते. संगणकाला ती दरी वाटते आणि वेळ तिथेच अडतो. एखादा चांगला रस्ता चौथ्या मिनिटालाच चौकात संपला आणि बाकीचे पंचवीस मिनिटं चालत गेले, की हीच फट असते. `Topology tolerance` ही चौकट अशा फटी बुजवायला आहे. तिच्यातला मूळ आकडा शून्य असतो. तो जास्त वाढवला, तर पुलावरून जाणारा रस्ता खालून जाणाऱ्या रस्त्याला चिकटतो आणि गाडी पुलावरून खाली उडी घेते. म्हणून मी फट एकेक बघून हाताने बुजवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. त्यात वेळ जातो, पण जाळं खरं होतं.

वेग कुठून आणायचा? रस्त्यावरच्या पाटीवरून तर मुळीच नको. पाटी कमाल वेग सांगते, मिळणारा वेग नव्हे. चांगला मार्ग म्हणजे त्याच रस्त्यांवरून आधी गेलेल्या रुग्णवाहिकांच्या जीपीएस नोंदी. त्यातही सरासरी घेऊ नये. सरासरी वेळ धरून काढलेल्या कडेवर जवळजवळ अर्ध्या फेऱ्या उशिरा पोचणार. दहातल्या नऊ फेऱ्या ज्या वेळेत जमल्या, तो वेळ प्रत्येक तुकड्याला द्यावा. मग आकृती आक्रसते, कुणाला ती प्रस्तावात कमकुवत दिसते, पण कडेवरच्या माणसाला दिलेला शब्द ती पाळते. घाटात पावसाळ्याचा वेळ वेगळा धरावा. आपल्या जाळ्यात पुलापासून माथ्यापर्यंतचा वेग पावसात ताशी २५वरून २०वर आला, तर १२ची १५ मिनिटं होतात आणि माथा बरोबर २६वर येतो. वाडीच्या रस्त्यावरचा तो एक किलोमीटर जूनमध्ये नाहीसा होतो.

केंद्रातल्या मिनिटांचाही असाच हिशेब लागतो आणि त्याचं उत्तर मला अनपेक्षित वाटतं. गाडी निघायला दोन मिनिटं जास्त लागली, तर २६ची २४ होतात. काठाच्या रस्त्यावरची कड नवव्यावरून आठव्या किलोमीटरवर येते, म्हणजे एक हजार मीटर गेले. वाडीच्या कच्च्या रस्त्यावर मात्र साधारण सातशे मीटरच जातात. केंद्रातली दिरंगाई चांगल्या रस्त्यावर जास्त जमीन खाते. म्हणून ज्या केंद्राभोवती रस्ते चांगले आहेत, तिथे चालकाची खोली गाडीपासून किती पावलांवर आहे, हाही नकाशाचा विषय होतो.

आता रंगाकडे येऊ. रेषांची आकृती पाहणाऱ्याला अपुरी वाटते, म्हणून बहुतेक ठिकाणी रेषांच्या टोकांभोवती एक कुंपण ओढून आतला भाग रंगवतात. हिशेब इतका जपून केल्यावर खोटेपणा शिरतो तो इथे. आपल्या जाळ्यात दोन टोकं आहेत: माथ्यापुढचा एक किलोमीटर आणि काठाकडचा नववा किलोमीटर. त्यांच्यामध्ये खोऱ्यातलं पाणी आहे. दोन्ही टोकांभोवती ताणलेली दोरी बांधली, तर पाणी रंगात येतं आणि पाण्यापलीकडचं, फक्त लाँचने जोडलेलं गावही रंगात येतं. ज्या वर्तुळाला सोडून आपण निघालो होतो, त्याचीच चूक अधिक पटण्याजोग्या आकारात परत आली. पोस्टजीआयएसमधलं `ST_ConcaveHull` आत वळणारं कुंपण काढतं आणि बरंच पाणी वगळतं. पण किती आत वळायचं तो आकडा आपण द्यायचा असतो. तो थोडा ढिला ठेवला तर पाणी आत येतं, फार आवळला तर कुंपण रस्त्यांना कुरतडतं आणि खरी घरं बाहेर पडतात. योग्य आकडा असा नसतोच.

माझं मत स्पष्ट आहे. लोकसंख्या मोजायला रंग वापरू नये. प्रत्येक वस्तीचा बिंदू तिच्या जवळच्या रस्त्याला जोडावा, त्या जागेचा वेळ रेषेवरून वाचावा आणि सव्वीसच्या आतल्या वस्त्यांची माणसं मोजावीत. जोडतानाही एक पथ्य आहे: बिंदू रस्त्यापासून किती दूर आहे, तो आकडा शेजारी लिहावा. सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्या गाडीरस्त्यापासून लांब, उतारावर असतात. रस्ता जिथे संपतो तिथून रुग्णाला डोलीत घालून खाली आणतात. सहाशे मीटरच्या चढणीला डॉक्टरला दहा मिनिटं सहज लागतात आणि रस्त्यांच्या जाळ्यात ती दहा मिनिटं कुठेच नसतात. आकृतीतली अशी वाडी २२व्या मिनिटाची असली, तर ती खऱ्या अर्थाने ३२ची आहे.

अशी यादी हातात आली, की केंद्राची जागा बदलून बघणं सोपं जातं. या आकृतीची खरी कसोटी तिथेच लागते. आपल्या जाळ्यात केंद्र बाजारातून उचलून सहा किलोमीटरवर फाट्याला ठेवा आणि हिशेब पुन्हा करा. फाटा शून्य, पूल ३, बाजार ८, माथा १५, काठ २०, वाडी २४. सगळी सहा ठिकाणं सव्वीसच्या आत. एकही नवा रस्ता नाही, एकही जादा गाडी नाही. काठ आणि वाडी दोन्ही सेवेत आली, आणि बाजाराच्या गावाला त्यासाठी फक्त आठ मिनिटं मोजावी लागली. बाजार हे मोठं गाव, तिथे जागा आहे, वस्ती आहे, म्हणून केंद्र तिथेच असावं असं सगळ्यांना आधी वाटतं. लोक जास्त म्हणजे फोनही तिथूनच जास्त येणार, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आता आठ मिनिटं थांबावं लागणार, हा त्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे. तो मतदानाने नव्हे, वस्त्यांच्या यादीतली माणसं आणि मिनिटं समोर ठेवून सोडवावा.

मी फाट्याच्या बाजूने कौल देईन. बाजाराला आठ मिनिटं म्हणजे तीसच्या लक्ष्यात भरपूर मोकळी जागा आहे, वाडी आणि काठाला मात्र दुसरा पर्यायच नाही. पण हा कौल कोरड्या महिन्यांचा आहे. पावसात घाटाची १५ मिनिटं धरली, की माथा १८ आणि वाडी २७ होते. एका मिनिटाने ती पुन्हा बाहेर पडते. म्हणून प्रस्तावात दोन ओळी हव्यात: केंद्र फाट्याला, आणि जून ते सप्टेंबर एक जादा गाडी माथ्यावर. माथ्यावरून वाडी नऊ मिनिटांवर आहे.